पूर्णांकयुक्त अपूर्णांकांचा गुणाकार: आधी रूप बदला, मग काटाकाट, मग गुणा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

कोल्हापुरात शिकवणी घेताना सहावी-सातवीची मुलं आणि त्यांचे पालक जे प्रश्न फिरून फिरून विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक प्रश्नाला नवं उदाहरण दिलं की मुलांचा धागा सुटतो, म्हणून जवळजवळ सगळीकडे एकच उदाहरण वापरलं आहे. कळंब्याच्या बाजूला एक घर बांधायला काढलंय असं समजा. त्याची गच्ची २४ फूट ९ इंच रुंद आणि २९ फूट ४ इंच लांब आहे. फुटाचे इंच १२, म्हणून ९ इंच म्हणजे ३/४ फूट आणि ४ इंच म्हणजे १/३ फूट. आपला गुणाकार असा झाला:

२४ ३/४ × २९ १/३

उत्तर ७२६ चौरस फूट येतं. ते कसं येतं आणि वाटेत कुठे कुठे पाय घसरतो, ते पुढे पाहू.

पूर्णांकाला पूर्णांकाने आणि अपूर्णांकाला अपूर्णांकाने गुणलं तर काय बिघडतं?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. बेरजेत असं चालतं: पूर्णांक वेगळे मिळवले, अपूर्णांक वेगळे मिळवले की काम झालं. ती सवय मुलं गुणाकारातही घेऊन येतात. करून बघू. २४ × २९ = ६९६ आणि ३/४ × १/३ = १/४. म्हणजे ६९६ १/४ चौरस फूट. खरं उत्तर ७२६. पावणेतीस चौरस फूट कुठे गेले?

वहीत गच्चीचा आयत काढा. रुंदीवर २४ फुटांवर एक खूण करा, पुढे पाऊण फूट उरतो. लांबीवर २९ फुटांवर खूण करा, पुढे एक तृतीयांश फूट उरतो. दोन्ही खुणांतून सरळ रेषा ओढल्या की आयताचे चार तुकडे होतात. मोठा तुकडा २४ × २९, म्हणजे ६९६. कोपऱ्यातला चिमुकला तुकडा ३/४ × १/३, म्हणजे १/४. हे दोनच आपण मोजले. दोन लांबट पट्ट्या राहूनच गेल्या. एक २४ फूट लांब आणि १/३ फूट रुंद, तिचं क्षेत्रफळ ८. दुसरी २९ फूट लांब आणि ३/४ फूट रुंद, तिचं २१ ३/४. दोन्ही मिळून २९ ३/४, आणि ६९६ १/४ मध्ये ते मिळवले की बरोबर ७२६.

चारही तुकडे मोजायचे असतील तर ही रीत अगदी बरोबर आहे. पण त्यात चार गुणाकार आणि वेगवेगळ्या छेदांची बेरीज करावी लागते. अंशाधिक रूप घेतलं की एकाच गुणाकारात चारही तुकडे आपोआप येतात. आधी रूप बदलायला सांगतात ते एवढ्यासाठीच.

अंशाधिक रूप करताना नेमकं काय करायचं?

पूर्णांकाला छेदाने गुणायचं, त्यात अंश मिळवायचा, छेद तोच ठेवायचा.

२४ ३/४: २४ × ४ = ९६, ९६ + ३ = ९९, म्हणून ९९/४
२९ १/३: २९ × ३ = ८७, ८७ + १ = ८८, म्हणून ८८/३

यामागचं कारण गच्चीवरच दिसतं. एका फुटात चार पाव फूट असतात, म्हणून २४ फुटांत ९६ पाव फूट. वरच्या पाऊण फुटात आणखी तीन. एकूण ९९ पाव फूट. ज्या मुलाला हे समजलं, ते २४ × ३ + ४ असा उलटा घोळ सहसा घालत नाही. नुसतं सूत्र पाठ केलेलं मूल दर परीक्षेत एकदा तरी घालतं.

काटाकाट म्हणजे काय? एका अपूर्णांकाचा अंश दुसऱ्याच्या छेदाशी कसा काय काटता येतो?

गुणाकार एकाच आडव्या रेघेवर मांडा:

९९/४ × ८८/३ = (९९ × ८८) / (४ × ३)

आता हे दोन वेगळे अपूर्णांक राहिले नाहीत, एकच अपूर्णांक आहे. त्याच्या अंशात ९९ आणि ८८ हे अवयव, छेदात ४ आणि ३. अंशाला आणि छेदाला एकाच संख्येने भागलं तर अपूर्णांकाची किंमत बदलत नाही, हे तर पाचवीतच झालेलं आहे. अंशातल्या ९९ ला ३ ने भाग जातो आणि छेदात ३ बसलेलाच आहे, म्हणून ९९ चे ३३ झाले आणि ३ चा १. तसंच ८८ ला ४ ने भाग जातो: ८८ चे २२, ४ चा १.

(३३ × २२) / (१ × १) = ७२६

तिरपी काटाकाट ही वेगळी युक्ती नाही. उत्तराला शेवटी जे संक्षिप्त रूप द्यायचं असतं, तेच काम आपण गुणण्याआधी उरकून घेतो.

मुलांना आवडणारी एक गोष्ट सांगतो. काटाकाट केल्यावर ३३ × २२ उरलं. म्हणजे ३३ फूट लांब आणि २२ फूट रुंद गच्चीचं क्षेत्रफळ आपल्या गच्चीएवढंच आहे. २४ ३/४ ची बाजू ४/३ पट वाढून ३३ झाली आणि २९ १/३ ची बाजू ३/४ पट होऊन २२ झाली. एक बाजू जितक्या पटीने वाढली, तितक्याच पटीने दुसरी कमी झाली, म्हणून क्षेत्रफळ हललं नाही. अपूर्णांकांचा आयत पूर्णांकांचा झाला, एवढाच काय तो फरक.

गुणून झाल्यावर काटलं तर चालत नाही का?

चालतं. उत्तर तेच येतं. फक्त श्रम बघा. ९९ × ८८ = ८७१२ आणि ४ × ३ = १२. आता ८७१२ ला १२ ने भागत बसा. भागाकार ७२६ च येतो. पण आधी ९९ × ८८ चा आडवातिडवा गुणाकार, मग चार अंकी भागाकार, आणि दोन्हीकडे हातचे. चूक व्हायला जागा तिथेच मिळते. शिवाय ८७१२ कडे बघून त्याला १२ ने भाग जातो हे चटकन कुणाला दिसतं? ९९ ला ३ ने जातो हे मात्र तिसरीतल्या पोरालाही दिसतं.

“सर, ९९ ला पण ११ ने जातंय, ८८ ला पण ११ ने जातंय. काटू की?”

नाही. काटाकाटीत एक संख्या वरची आणि एक खालचीच हवी. ९९ आणि ८८ दोन्ही अंशात आहेत. दोघांना ११ ने भागलं तर अंश १२१ पटीने लहान होतो आणि छेद जिथल्या तिथे राहतो. मग (९ × ८) / १२ = ६ येतं. गच्ची सहा चौरस फुटांची? तिथे सतरंजीसुद्धा मावायची नाही.

ही चूक पकडायला अंदाज पुरतो. २४ ३/४ म्हणजे जवळपास २५, आणि २५ × २९ = ७२५. उत्तर सातशेच्या घरात असायला हवं. गुणायला बसण्याआधी हा आकडा समासात लिहून ठेवायची सवय मी सगळ्यांना लावतो.

मिश्र रूपातच ३/४ मधला ३ आणि १/३ मधला ३ काटला तर?

हा खरा सापळा आहे. माझ्या मते या धड्यातली सगळ्यात फसवी चूक हीच. मुलं असं करतात:

२४ ३/४ × २९ १/३, वरचा ३ आणि खालचा ३ गेला, राहिलं २४ १/४ × २९ १/१

मग २९ १/१ म्हणजे ३०, आणि २४ १/४ × ३० = ७२७ १/२.

हे उत्तर खऱ्या उत्तरापेक्षा फक्त दीड चौरस फुटाने जास्त आहे. आपण आत्ताच काढलेला ७२५ चा अंदाज इथे काहीच ओरडत नाही. अंदाज मोठी चूक पकडतो, अशी जवळची चूक त्याला दिसत नाही.

चूक कुठे झाली? २४ ३/४ मध्ये २४ आणि ३/४ यांच्यामध्ये न लिहिलेलं अधिक चिन्ह आहे. त्यातला ३ हा सगळ्या संख्येचा अवयव नाही, एका तुकड्याचा अंश आहे. काटता येतो तो अवयव, म्हणजे जो सगळ्या अंशाला भागतो तो. आपण ३ काटला तेव्हा तो फक्त ३/४ मधून गेला, २४ ला हातच लागला नाही. रूप बदलून ९९/४ केल्यावर मात्र ३ ने ९९ ला, म्हणजे सगळ्या अंशाला, भाग जातो. तेव्हा तो काटणं कायदेशीर ठरतं. गंमत म्हणजे दोन्ही वेळा ३ च काटला जातो, आणि एकदाच उत्तर बरोबर येतं.

म्हणून क्रम पक्का ठेवा. वहीवर एकही मिश्र संख्या शिल्लक असेपर्यंत काटायला पेन्सिल उचलायची नाही.

काटल्यावर १ लिहायचा की शून्य?

१. आपण ३ ला ३ ने भागतोय, ३ मधून ३ वजा करत नाही. खोडलेल्या आकड्याशेजारी बारीक १ लिहायचा कंटाळा करू नका. विशेषतः अंशातलं सगळंच काटलं गेलं तर वर काहीच दिसत नाही आणि मुलं “उत्तर शून्य” असं लिहून मोकळी होतात.

किती वेळा काटायचं? सगळं काटून झालं हे कसं ओळखायचं?

वरच्या प्रत्येक संख्येची खालच्या प्रत्येक संख्येशी एकदा गाठ घालून बघा. कुठल्याच जोडीला १ सोडून सामाईक अवयव उरला नाही की थांबा. मसावि एकदम सापडला तर उत्तमच. नाही सापडला तर आधी २ ने, मग पुन्हा २ ने, मग ३ ने असं पायरीपायरीने काटलं तरी काही बिघडत नाही. एखादा अवयव नजरेतून सुटला तर तो शेवटच्या उत्तरात दिसतोच, कारण उत्तराचा अंश आणि छेद अजून एखाद्या संख्येने भागले जातात. तिथे काटा. उत्तर चुकलेलं नसतं, फक्त संक्षिप्त झालेलं नसतं.

कधी कधी काटण्यासारखं काहीच नसतं. उदाहरणार्थ २ १/३ × १ ३/४ = ७/३ × ७/४. दोन सात दिसतात, पण दोन्ही वर. सरळ गुणा: ४९/१२, म्हणजे ४ १/१२. काटाकाट झालीच पाहिजे या हट्टापायी मुलं इथे ७ काटतात.

तीन संख्यांचा गुणाकार असेल तर?

नियम तोच आणि फायदा जास्त. आपल्या गच्चीचा स्लॅब ४ इंच जाडीचा धरला, म्हणजे १/३ फूट, तर काँक्रीट किती लागेल?

९९/४ × ८८/३ × १/३

खाली दोन ३ आहेत. ९९ ला आधी एका ३ ने भागा, ३३ आले. ते दुसऱ्या ३ ने भागा, ११ आले. ८८ आणि ४ चं २२ आणि १ झालं. राहिलं ११ × २२ = २४२ घनफूट. बांधकामावर १०० घनफुटांचा एक ब्रास धरतात, म्हणजे २.४२ ब्रास. न काटता केलं असतं तर ८७१२ ला ३६ ने भागावं लागलं असतं. तिसरा अपूर्णांक पहिल्याशी काटायचा की दुसऱ्याशी, असा प्रश्न येतो. कुणाशीही. सगळे एकाच रेघेवर आहेत.

दशांश अपूर्णांकात केलं तर सोपं नाही का? मोबाइलवर कॅल्क्युलेटर आहेच.

२४ ३/४ चे २४.७५ होतात, ते ठीक. पण १/३ दशांशात संपत नाही. २९.३३ घेतलं तर २४.७५ × २९.३३ = ७२५.९१७५ येतं. घराच्या कामाला ते चालेल, पण पेपरात “नेमकं उत्तर” विचारलं असेल तर चालणार नाही.

याहून मोठी चूक साइटवर होते. २४ फूट ९ इंच कॅल्क्युलेटरवर २४.९ आणि २९ फूट ४ इंच २९.४ असं दाबतात. फुटाचे इंच दहा असल्यासारखं. मग २४.९ × २९.४ = ७३२.०६ येतं, म्हणजे सहा चौरस फूट फुकटचे वाढले. फरशीचा हिशेब चौरस फुटावर असेल तर ते तुमच्याच खिशातून जातात. अनुभवी गवंडी असं करत नाही. तो दोन्ही मापं इंचात घेतो: २९७ इंच × ३५२ इंच = १,०४,५४४ चौरस इंच, आणि त्याला १४४ ने भागलं की ७२६. नीट बघितलं तर हेसुद्धा अंशाधिक रूपच आहे, २९७/१२ × ३५२/१२. छेद १२ घेतल्यामुळे संख्या मोठ्या झाल्या, इतकंच. त्यातही आधी काटलं तर पुन्हा ९९/४ आणि ८८/३ वरच येतो.

आजोबा तोंडी करतात, त्यांना अंशाधिक रूप लागत नाही. मग मुलांनाच का?

आजोबांच्या पिढीने सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी पाठ केलेली असते. त्यांच्या डोक्यात अपूर्णांकांचे पाढे तयार आहेत. सव्वातीन एकर म्हणजे किती गुंठे, हे विचारलं तर ते चाळीस त्रिक एकशेवीस आणि चाळीसचा पाव दहा, एकशेतीस असं क्षणात सांगतात. एक संख्या पूर्णांक असेल तेव्हा ही फोड करायची रीत अंशाधिक रूपापेक्षा नक्कीच लवकर होते. तिथे १३/४ करत बसायची गरज नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

आपल्या गच्चीलाही आजोबांची रीत लागू पडते. २४ ३/४ म्हणजे पावणेपंचवीस, पंचवीसला पाव कमी. २५ × २९ १/३ = ७३३ १/३. त्यातून २९ १/३ चा पाव, म्हणजे ७ १/३, वजा केला की ७२६. सुरेख आहे. पण हे जमलं ते संख्या सोयीच्या होत्या म्हणून. १३ ५/७ × ४ ३/८ समोर आलं की पावकी-निमकी थांबते आणि ९६/७ × ३५/८ हाताशी येतं: ९६ आणि ८ चं १२, ३५ आणि ७ चं ५, उत्तर ६०.

बेरीज, वजाबाकी, भागाकारातही असंच तिरपं काटायचं का?

बेरीज-वजाबाकीत अजिबात नाही. तिथे दोन अपूर्णांक एका रेघेवर अवयव म्हणून येत नाहीत, त्यामुळे तिरपं काटलं की किंमतच बदलते. भागाकारात चालतं, पण दुसरा अपूर्णांक उलटा करून गुणाकार मांडल्यानंतरच. उलटा करण्याआधी काटलं तर चुकीच्या जोड्या काटल्या जातात.

शेवटी उत्तर मिश्र रूपात लिहायचं की अंशाधिकच ठेवायचं?

शेवटचं उत्तर मापाचं असेल तर मिश्र रूप वाचायला बरं पडतं, कारण ४९/१२ फूट म्हटल्यावर कुणाला अंदाज येत नाही, चार फूट आणि एक इंच म्हटल्यावर येतो. पण गणित अजून पुढे चालणार असेल तर अंशाधिकच ठेवा. नाहीतर पुढच्या पायरीला परत रूप बदलावं लागतं.

खरं तर पुढे काम असेल तर मी शेवटचा गुणाकारही लगेच करू देत नाही. समजा पुढचा प्रश्न असा आहे: ही गच्ची किती गुंठ्यांची? एक गुंठा म्हणजे ३३ फूट × ३३ फूट, १०८९ चौरस फूट. ज्याने ७२६ करून ठेवले तो आता ७२६/१०८९ चं संक्षिप्त रूप शोधत बसतो. ज्याने ३३ × २२ असंच ठेवलं, तो लिहितो:

(३३ × २२) / (३३ × ३३)

एक ३३ वरचा, एक ३३ खालचा गेला. २२/३३ राहिलं, म्हणजे २/३ गुंठा.